हातगाड्यांचा खटला आणि पंधरा मिनिटं

मूट कोर्टात उभा राहिलेला विद्यार्थी बहुतेकदा पहिल्या दोन मिनिटांतच अडवला जातो. "ते ठीक आहे, पण तुमची मागणी काय?" असा प्रश्न न्यायाधीशांकडून येतो आणि पाठ केलेलं भाषण तिथेच तुटतं. मग हातातल्या कागदावर ‘आपण कुठे होतो’ याची शोधाशोध सुरू होते. चूक पाठांतराची नसते, कागदाची असते. भाषण म्हणून लिहिलेला कागद मध्येच उघडता येत नाही. मुद्द्यांवर बांधलेला कागद कुठूनही उघडता येतो.

मूट कोर्ट म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीचं अभिरूप न्यायालय. प्रकरण काल्पनिक असतं, पण लावायचा कायदा आणि द्यायचे दाखले खरे असतात. साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. घडलं काय याबद्दल वाद नसतो, त्याला कायदा कसा लागतो एवढाच वाद असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांनुसार प्रात्यक्षिकाच्या पेपरात मूट कोर्टासाठी 30 गुण आहेत. तीन मूट, प्रत्येकी 10 गुण, त्यातले 5 लेखी निवेदनाला आणि 5 तोंडी युक्तिवादाला. लेखी निवेदनाला, म्हणजे मेमोरियलला, लायब्ररी आणि मित्र मदतीला असतात. तोंडी युक्तिवादाच्या वेळी मदतीला असते ती फक्त स्क्रिप्ट. ती कशी बांधायची हे एका प्रकरणावरूनच पाहू.

प्रकरण

संगमनगर नावाच्या काल्पनिक शहरात, महाराष्ट्रातच, महानगरपालिकेच्या पथकाने एका पहाटे बसस्थानक रस्त्यावरच्या 42 हातगाड्या उचलल्या. त्यात भाजीवाले, फळवाले आणि दोन चप्पल दुरुस्त करणारे होते. कोणालाही आधी नोटीस नव्हती. जप्त मालाची यादी दिली नाही. शहरातल्या फेरीवाल्यांचं सर्वेक्षण सुरू झालं होतं, पण पूर्ण झालेलं नव्हतं. त्यामुळे या 42 जणांपैकी कोणाकडेही विक्री प्रमाणपत्र नाही. पालिका म्हणते, हा रस्ता रुग्णालयाकडे जातो आणि गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडकतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 नुसार असं अतिक्रमण नोटीस न देता हटवण्याचा आयुक्तांना अधिकार आहे. फेरीवाल्यांची संघटना अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात आली आहे. आपण संघटनेच्या बाजूने उभे आहोत आणि हातात 15 मिनिटं आहेत.

हे वाचल्यावर जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी एकच नाव येतं: ओल्गा टेलिस. 1985 चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांबद्दल आहे. अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. म्हणून स्क्रिप्टची सुरुवात बहुधा "उपजीविका हा मूलभूत हक्क आहे" अशी होते. ऐकायला ती जोरदार वाटते, पण या प्रकरणात ती सगळ्यात कच्ची सुरुवात आहे.

कारण समोरचा वकील लगेच सोदान सिंग वाचून दाखवेल. 1989 चा हा निकाल दिल्लीतल्या फेरीवाल्यांबद्दल आहे आणि तोही पाच न्यायमूर्तींचाच आहे. पदपथावर व्यवसाय करणं हा अनुच्छेद 19(1)(छ) खालचा हक्क आहे आणि त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं तो सांगतो. पण अमुक एका जागी धंदा करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि धंद्याच्या हक्काला अनुच्छेद 21 शी जोडणं ताणून धरण्यासारखं आहे, असंही तो सांगतो. दोन्ही पीठं पाच जणांची आहेत. त्यामुळे उच्च न्यायालयाला दोन्ही बंधनकारक, आणि ‘आमचा निकाल मोठा’ असं म्हणायची सोय नाही. जो विद्यार्थी पहिली पाच मिनिटं ओल्गा टेलिसवर घालवतो, तो उरलेली दहा मिनिटं सोदान सिंगमधून बाहेर पडायला घालवतो.

मुद्द्यांचा क्रम

म्हणून दाखले बाजूला ठेवून आधी मुद्दे लिहायचे. या प्रकरणात ते तीनच आहेत. एक, याचिका इथे चालते का? दोन, गाड्या उचलणं हे पथविक्रेत्यांविषयीच्या 2014 च्या कायद्याच्या विरोधात आहे का? तीन, कलम 231 मधला विनानोटीस कारवाईचा अधिकार इथे वापरता येत होता का?

उपजीविका, जगण्याचा हक्क, समानता यांतलं काहीही मथळ्यात नाही, कारण ते मुद्दे नाहीत, आधार आहेत. मुद्दा म्हणजे असा प्रश्न की ज्याचं उत्तर ‘हो’ आलं तर न्यायालयाला आदेश देता येतो. ‘उपजीविका हा मूलभूत हक्क आहे का’ याचं उत्तर ‘हो’ आलं तरी गाड्या परत मिळत नाहीत. ‘सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी हटवणं बेकायदा आहे का’ याचं उत्तर ‘हो’ आलं की मिळतात.

दुसरा मुद्दा मधोमध ठेवायचा आणि सगळ्यात जास्त वेळ त्याला द्यायचा. 15 मिनिटांची वाटणी साधारण अशी: ओळख आणि आराखडा एक मिनिट, पहिला मुद्दा दोन, दुसरा सहा, तिसरा चार, मागणी दोन. पण लिहिताना मजकूर आठ मिनिटांचाच लिहायचा. उरलेली सात मिनिटं न्यायाधीशांची आहेत, ती ते प्रश्नांतून घेणारच. ज्यांची स्क्रिप्ट मोजून पंधरा मिनिटांची असते, त्यांची मागणी कधीच वाचून होत नाही, कारण वेळेची चिठ्ठी तिसऱ्या मुद्द्यातच समोर येते.

सुरुवातीचा एक मिनिट असा लिहिता येईल:

*"न्यायमूर्ती महोदय, मी याचिकाकर्त्या संघटनेच्या वतीने उभा आहे. संघटनेच्या 42 सदस्यांच्या हातगाड्या पालिकेने नोटीस न देता आणि सर्वेक्षण पूर्ण न करता उचलल्या. माझे मुद्दे तीन आहेत. याचिका या न्यायालयात चालते. ही कारवाई 2014 च्या कायद्याच्या कलम 3 आणि 18 चा भंग करते. आणि पालिका ज्या कलम 231 चा आधार घेते, ते तिला इथे वाचवत नाही. न्यायालयाची अनुमती असेल तर मी पहिल्या मुद्द्याकडे वळतो."*

वस्तुस्थिती एका वाक्यात संपली आहे. तपशील न्यायाधीशांनी मेमोरियलमध्ये वाचलेले असतात. हवे असतील तर ते विचारतील.

पहिला मुद्दा: लवकर संपवायचा

2014 च्या कायद्याच्या कलम 20 खाली फेरीवाल्यांच्या तक्रारींसाठी समिती नेमण्याची तरतूद आहे. प्रतिवादी म्हणणार, आधी तिकडे जा. यावर स्क्रिप्टमध्ये दोन ओळी पुरतात:

*"कलम 20 चा मार्ग आहे हे आम्हाला मान्य आहे. पण व्हर्लपूल कॉर्पोरेशन, 1998, या निकालानुसार मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल किंवा अधिकाराबाहेर कृती झाली असेल, तर पर्यायी मार्ग असूनही उच्च न्यायालय याचिका ऐकू शकतं. इथे नोटीसच नाही, आणि जो अधिकार वापरला तो कायद्याने तूर्त गोठवलेला आहे."*

इथे एक खड्डा आहे. संगमनगरमध्ये अशी समिती नेमलेली आहे की नाही, हे प्रकरणात लिहिलेलं नाही. "समिती अस्तित्वातच नाही" असं ठोकून देण्याचा मोह होतो. न्यायाधीश विचारतात, "हे कुठल्या परिच्छेदात आहे?" उत्तर नसतं, आणि त्यानंतर विद्यार्थ्याच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहिलं जातं. प्रकरण गप्प असेल तर तसंच सांगावं: "समितीबद्दल प्रकरण मौन बाळगतं. समिती आहे असं धरलं तरी आमचं म्हणणं तेच राहतं." अर्धी बाजू सोडूनही मुद्दा उभा राहतो हे दिसलं की न्यायाधीश पुढे जाऊ देतात.

दुसरा मुद्दा: खटल्याचा कणा

2014 चा कायदा 1 मे 2014 पासून लागू झाला. ओल्गा टेलिस आणि सोदान सिंग हे दोन्ही निकाल त्याच्या आधीचे आहेत. त्या काळी फेरीवाल्याला घटनेचा आधार घ्यावा लागे, कारण हातात कायदा नव्हता. आज कायदा आहे, आणि त्यातली तीन कलमं एकापुढे एक मांडली की या प्रकरणाचा बराचसा निकाल लागतो.

कलम 3(3) म्हणतं, सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व पथविक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र दिलं जाईपर्यंत कोणालाही हटवू नये किंवा दुसरीकडे हलवू नये. कलम 18(3) म्हणतं, हटवण्याआधी किंवा हलवण्याआधी 30 दिवसांची नोटीस हवी. आणि कलम 33 म्हणतं, दुसऱ्या कायद्यात याच्याशी विसंगत काही असलं तरी हाच कायदा चालेल. पालिकेचं कलम 231 हा तोच ‘दुसरा कायदा’.

प्रत्येक मुद्दा चार पायऱ्यांत लिहायचा: उत्तर, कारण, आधार, परिणाम. उत्तर पहिल्याच वाक्यात यायला हवं.

*"दुसऱ्या मुद्द्याचं आमचं उत्तर: होय, ही कारवाई बेकायदा आहे. कारण सर्वेक्षण अपूर्ण होतं, हे प्रतिवादीही नाकारत नाहीत. कलम 3(3) अशा काळात हटवण्याला स्पष्ट मनाई करतं, आणि कलम 33 मुळे कलम 231 ला त्यापुढे जागा उरत नाही. परिणाम असा की कारवाईच्या दिवशी पालिकेला या 42 जणांना हटवण्याचा अधिकारच नव्हता. नोटीस दिली असती तरी नव्हता."*

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. नोटीस न देण्याबद्दलची तक्रार ही दुय्यम आहे, हे त्यातून न्यायाधीशांना कळतं. पुष्कळ विद्यार्थी उलट करतात. नोटिशीवर रडतात, आणि मग न्यायाधीश म्हणतात, "ठीक आहे, 30 दिवसांची नोटीस देऊन एकतिसाव्या दिवशी गाड्या उचलू देत?" तेव्हा गप्प व्हायची वेळ येते.

आता प्रश्न येणारच: "कलम 18(2) वाचलंत का? ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला हटवता येतं, असं त्यात लिहिलंय. तुमच्या एकाकडेही प्रमाणपत्र नाही."

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड प्रश्न. त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवायला हवं, पण वेगळ्या कागदावर, मुख्य मजकुरात नाही:

*"वाचलं आहे. कलम 18(2) हे सर्वेक्षणानंतरच्या स्थितीसाठी आहे, जेव्हा प्रमाणपत्र मिळण्याची संधी देऊन झालेली असते. आमच्या सदस्यांकडे प्रमाणपत्र नाही, कारण पालिकेने सर्वेक्षण पूर्ण केलं नाही. 18(2) आधीपासूनच लागू होतं असं मानलं, तर 3(3) मध्ये काहीच शिल्लक राहत नाही. दोन्ही कलमांना अर्थ उरेल असंच वाचन स्वीकारावं, ही विनंती. आणि 18(2) लागू आहे असं मानलं तरी 18(3) ची नोटीस त्यालाही लागू आहे."*

उत्तराची बांधणी लक्षात घ्या. आधी प्रश्न टाळला नाही हे दाखवलं. मग दोन कलमांचा मेळ घातला. शेवटी, मेळ मान्य झाला नाही तरी आपण कुठे उभे राहतो ते सांगितलं. न्यायाधीशांना पटलं नाही, तर त्याच उत्तराची पुनरुक्ती न करता "माझं निवेदन एवढंच आहे, न्यायालयाची अनुमती असेल तर पुढे जातो" म्हणून पुढे जायचं. एका प्रश्नाचं तेच उत्तर तीनदा दिलं की वेळही जातो आणि गुणही.

तिसरा मुद्दा: दाखल्याचा नेमका उपयोग

ओल्गा टेलिसची जागा इथे आहे. त्या निकालातला उपजीविकेचा भाग प्रसिद्ध आहे, पण आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. तिथे मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 314 चा प्रश्न होता. त्या कलमानेही आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा अधिकार दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं नाही. त्याचा अर्थ लावला: हा अधिकार आहे, आदेश नाही. नोटीस न देता कारवाई ही अपवादात्मक परिस्थितीपुरती असते. एरवी ज्याला हटवायचं त्याचं म्हणणं ऐकायला हवं. आपल्या प्रकरणातलं कलम 231 नोटिशीच्या बाबतीत तसंच आहे. म्हणून ओल्गा टेलिसचा हा तर्क थेट लागू पडतो, आणि सोदान सिंग त्याला कुठेही हात लावत नाही. सोदान सिंग जागेवरच्या हक्काबद्दल बोलतो. ओल्गा टेलिसचा हा भाग हटवण्याच्या पद्धतीबद्दल बोलतो. दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

*"तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर: कलम 231 लागू आहे असं मानलं तरी ते इथे वापरता येत नव्हतं. आधार ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, (1985) 3 एससीसी 545, पाच न्यायमूर्ती. तिथे मुंबईच्या अधिनियमातलं कलम 314 होतं. त्यातही नोटीस न देता हटवण्याची तरतूद होती. न्यायालयाने ठरवलं की हा अधिकार अपवादापुरता आहे. आमच्या प्रकरणात अपवाद कोणता? गाड्या त्या रस्त्यावर नव्याने आलेल्या नाहीत. रुग्णवाहिकेची अडचण रोजची असेल, तर नोटीस द्यायलाही रोज वेळ होता."*

दाखला सांगताना चार गोष्टी लागतात: नाव आणि साल, पीठ किती जणांचं, तिथला प्रश्न आपल्याशी कसा जुळतो, आणि न्यायालयाने त्यावर काय ठरवलं. तिसरी गोष्ट सर्रास सुटते. निकालाचं नाव घेऊन लगेच निष्कर्षावर उडी मारली की न्यायाधीश विचारतात, "त्यात काय घडलं होतं?" ज्याने मूळ निकाल न वाचता टिपणांवर भागवलं, त्याची फजिती इथे होते.

या निकालाबाबत तर ती हमखास होते. कारण ओल्गा टेलिसमध्ये पदपथावरचे रहिवासी हटवण्याची कारवाई थांबवू शकले नाहीत. त्यांचं सगळं म्हणणं आपणच ऐकलं आहे, असं म्हणून न्यायालयाने आयुक्तांकडे पुन्हा सुनावणीला पाठवलं नाही, आणि हटवण्याला परवानगी दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, थांबायला सांगितलं. तेव्हा न्यायाधीशांचा प्रश्न तयार असतो: "तुमच्याच निकालात याचिकाकर्त्यांना काय मिळालं? आज आम्ही तुमचं ऐकलं, मग झालं ना?"

*"बरोबर आहे, तिथे सुनावणी न्यायालयातच झाली असं धरलं गेलं. पण तेव्हा नोटिशीची मुदत ठरवणारा खास कायदा नव्हता. आज कलम 18(3) मध्ये 30 दिवस लिहिलेले आहेत. कायद्यानेच घातलेली अट न्यायालयातल्या सुनावणीने भरून निघत नाही. शिवाय त्या निकालातही हटवण्याआधी मुदत दिली गेली. आमच्या सदस्यांना एक तासही मिळाला नाही."*

विरुद्ध जाणारा तपशील आपणच मान्य करून वेगळा काढला, तर दाखला टिकतो. तो लपवला आणि समोरच्याने काढला, तर आपला दाखला त्याचा होतो.

सोदान सिंगचा उल्लेख आपण स्वतःहून करायचा का, यावर विद्यार्थ्यांत मतभेद असतात. करायचा. बंधनकारक निकाल विरुद्ध असला तरी न्यायालयापुढे ठेवणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. आणि डावपेच म्हणूनही ते फायद्याचं, कारण तो आपल्या शब्दांत मांडता येतो: *"सोदान सिंग आमच्या विरोधात वाचला जाईल. त्यात ठराविक जागेचा हक्क नाकारला आहे. आम्ही तो हक्क मागतच नाही."*

या शेवटच्या वाक्याची किंमत मागणीच्या वेळी मोजावी लागते.

मागणी: जे सिद्ध केलं तेवढंच

स्क्रिप्टच्या शेवटच्या पानावरची मागणी, म्हणजे प्रेयर, बहुतेक जण मेमोरियलमधून जशीच्या तशी उचलतात. मग ती अशी दिसते: कारवाई रद्द करावी, 42 जणांना त्याच जागी कायमचं बसवावं, प्रत्येकाला 50,000 रुपये भरपाई द्यावी, जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, आणि न्यायालयाला योग्य वाटेल तो अन्य आदेश द्यावा.

पहिली वगळता यातली एकही ठोस मागणी तीन मुद्द्यांतून निघत नाही. ‘त्याच जागी कायमचं’ हे तर सोदान सिंगच्या थेट विरुद्ध आहे. आपणच दोन मिनिटांपूर्वी म्हटलं होतं की आम्ही जागेचा हक्क मागत नाही. न्यायाधीशांना एवढं पुरतं. भरपाईचा आकडा सिद्ध करायला पुरावा लागतो. माल किती होता, किती सडला, हे रिट याचिकेत ठरवणं न्यायालयं सहसा टाळतात. आणि अधिकाऱ्यांवरच्या कारवाईबद्दल युक्तिवादात एक शब्दही आलेला नसतो.

मागणी तपासण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक कलमाच्या समोर मुद्द्याचा क्रमांक लिहायचा. ज्याच्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही, ते खोडायचं. तसं केल्यावर मागणी अशी उरते:

*"म्हणून न्यायमूर्ती महोदय, नम्र विनंती अशी:*

*(अ) 42 हातगाड्या हटवण्याची कारवाई 2014 च्या कायद्याच्या कलम 3(3) आणि 18(3) च्या विरुद्ध असल्याचं जाहीर करावं;*

*(ब) सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत या सदस्यांना हटवू किंवा हलवू नये, असा आदेश द्यावा; मात्र रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट ठेवण्याबाबत पालिका घालेल त्या वाजवी अटी सदस्य पाळतील;*

*(क) जप्त केलेल्या हातगाड्या आणि माल कलम 19 नुसार परत करावा;*

*(ड) न्यायालय ठरवेल त्या मुदतीत सर्वेक्षण पूर्ण करण्याचा आदेश द्यावा;*

*(इ) आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल तो अन्य आदेश द्यावा."*

(अ) दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर उभं आहे, (ब) आणि (ड) दुसऱ्यावर. (क) साठी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालावी लागते, ती दुसऱ्या मुद्द्याच्या शेवटी: कलम 19 नुसार जप्तीच्या वेळी मालाची यादी द्यावी लागते, आणि विक्रेत्याने दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, तर बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडावा लागतो. ही ओळ युक्तिवादात नसेल तर (क) खोडायलाच हवं.

(ब) मधला ‘मात्र’ नंतरचा भाग अनेकांना माघार वाटतो. तो माघार नाही. सोदान सिंगने वाजवी बंधनं मान्य केली आहेत आणि पालिकेचा सगळा भर रुग्णवाहिकेवर आहे. तिची चिंता आदेशातच सोडवून दिली, तर कारवाई थांबवल्याने रुग्णालयाचं काय होईल, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात शिल्लक राहत नाही. आणि ‘सर्वेक्षण होईपर्यंत’ हे दोन शब्द सोदान सिंगची धार बोथट करतात. आपण जागेवर मालकी सांगत नाही, कायद्याने दिलेला मधला काळ मागतो. तो संपला की पालिका कायद्यानुसार जागा बदलू शकते, हे आपणच म्हणतो.

मागणी वाचायला दीड मिनिट लागतं. वेळेची शेवटची चिठ्ठी आली की जिथे असाल तिथे थांबायचं आणि ही वाचायची. तिसरा मुद्दा अर्धा राहिला तर मेमोरियल आहेच. न वाचलेली मागणी मात्र तोंडी युक्तिवादात कुठेच राहत नाही.

प्रतिवादीच्या उत्तरानंतर दोन मिनिटांचं प्रत्युत्तर मिळतं. त्यात नवं काही आणायचं नाही, एकच मुद्दा उचलायचा. या प्रकरणात तो बहुधा कलम 18(2) असतो, कारण प्रतिवादी तिथेच उभा राहतो. रुग्णवाहिकेवर भावनिक उत्तर देण्याचा मोह टाळलेला बरा, त्याचं उत्तर (ब) मध्ये दिलेलं आहे.

मागणी वाचून झाल्यावर न्यायाधीश कधी कधी विचारतात, "यातली एकच देता आली तर कोणती मागाल?" याचं उत्तर आधी ठरवलेलं असावं, आणि ते (ब) आहे. (अ) मिळालं आणि (ब) नाही, तर पालिका दुसऱ्या दिवशी 30 दिवसांची नोटीस काढेल. (क) मिळालं आणि (ब) नाही, तर परत मिळालेल्या गाड्या उभ्या करायला जागा नसेल. (ब) मिळालं तर मात्र कारवाईला आधार नव्हता हे त्यात आपोआप मानलं जातं, आणि पुढचं पाऊल उचलण्याआधी पालिकेला सर्वेक्षण पूर्ण करावंच लागतं. हे एका दमात सांगता आलं, की स्क्रिप्ट मुद्द्यांवर बांधली होती हे न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही.